चौसष्टला पडणारी प्रत

ओळखीच्या एका बाईंनी परवा दोन कागद माझ्यासमोर ठेवले. आयुष्यभर शिकवण्याचं काम केलेल्या, निवृत्तीनंतर नेटाने लिहून काढलेलं १६० पृष्ठांचं पुस्तक हातात असलेल्या बाई. प्रकाशकांच्या उत्तरांची वाट बघून कंटाळल्या आणि स्वतःच काढायचं ठरवलं. दोन्ही कागद एकाच छापखान्याची दरपत्रकं होती, अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत सगळं धरून. पहिल्यावर ५०० प्रती, एकूण ४८,०००. दुसऱ्यावर १,००० प्रती, एकूण ६४,०००. खाली छापखान्याने कोणी न विचारता भागाकारही करून दिला होता: एक प्रत ९६ला, आणि हजार काढल्या तर ६४ला. त्या चौसष्टभोवती बाईंनी लाल पेन्सिलीने गोल केला होता, उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तराभोवती करतात तसा. ‘बघा ना, एका प्रतीमागे बत्तीस वाचतायत. हजारच काढते,’ असं म्हणून त्यांनी पेन्सिल पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, ‘कागद दोन दिवस राहू द्या माझ्याकडे.’

भागाकार चुकलेला नव्हता. तरी तो आकडा खडा अडकावा तसा सलत राहिला. (पैशांपुढे मी चलनाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. कागदाचे भाव महिन्यामहिन्याला हलतात, मजुरी ठिकाणागणिक बदलते. तुमच्याकडे यातला प्रत्येक आकडा वेगळा असेल. मला त्या आकड्यांचा एकमेकांशी असलेला हिशेब सांगायचाय, तो फारसा बदलत नाही.) लिहिणाऱ्या माणसाला असल्या हिशेबाची जरा लाज वाटते, हे मी पाहिलंय. कवितेच्या ओळीवर तासभर बोलणारा माणूस दरपत्रक हातात आलं की थेट शेवटच्या ओळीवर जातो. वरच्या ओळी त्याला छापखान्याची खासगी बाब वाटते. खरी गोष्ट मात्र त्या वरच्या ओळींतच असते.

कागद घेऊन बसलो आणि आधी दरपत्रकाचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात असा खर्च, जो एक प्रत काढली तरी तेवढाच आणि हजार काढल्या तरी तेवढाच. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठाची रचना: २०,०००. आतल्या पानांच्या प्लेटा आणि छपाई: ८,०००. मुखपृष्ठाच्या चार रंगांच्या प्लेटा आणि छपाई: ३,१००. मशीन लावताना वाया जाणारा कागद: ९००. बेरीज ३२,०००. दुसऱ्या ढिगात प्रतीगणिक वाढणारा खर्च. आतला कागद १५, मुखपृष्ठाचा जाड कागद आणि त्यावरचं लॅमिनेशन ५, बांधणी १०, गठ्ठे बांधून पोचवणं २. बेरीज ३२. योगायोगाने दोन्हीकडे बत्तीसच आलं, एकीकडे हजार आणि दुसरीकडे सुटे. म्हणजे ५०० प्रतींना ३२,००० अधिक १६,०००, आणि हजारांना ३२,००० अधिक ३२,०००. दरपत्रक तिथे उलगडलं.

यातली छपाईची ओळ पाहून पुष्कळांना प्रश्न पडतो. प्रती दुप्पट झाल्या, तरी छपाईचे पैसे तेवढेच कसे? ऑफसेटवाले छपाईचा दर बहुधा हजार ठशांना धरतात, आणि हजाराच्या आत कितीही छापलं तरी पूर्ण हजाराचेच पैसे लावतात. ही लबाडी नाही. मशीनपाशी उभं राहिलं की ते कळतं. लहानपणी आमच्या नात्यातले एक काका छापखान्यात मशीनवर होते, आणि त्यांच्याकडे गेलो की मी त्या मशीनच्या एका कडेला उभा राही. शाईचा आणि रॉकेलसारख्या कशाचा तरी मिसळलेला वास, तावावर ताव पडताना होणारी ठेक्यातली फडफड. काका प्लेट चढवत, शाई-पाण्याचं प्रमाण जुळवत, आणि मग जे ताव बाहेर येत ते कधी फिके, कधी काळेकुट्ट, कधी कडेला रेघ ओढलेले. एक ताव उचलून ते उजेडासमोर धरत. पुढच्या बाजूची ओळ मागच्या बाजूच्या ओळीवर नेमकी बसतेय का, ते बघत. नसली बसत की स्क्रू फिरवायचा, पुन्हा मशीन चालू, पुन्हा ताव. मला ते वाया गेलेले ताव हवे असत, पाठीवर चित्रं काढायला. त्या वेळी वाटायचं, किती उदार आहेत काका. त्या तावांचे पैसे कुठल्या तरी लेखकाच्या बिलात जात होते, हे फार पुढे कळलं.

तेव्हा मशीन लावण्याची मेहनत एकदाच, मग त्यावर पाचशे काढा नाहीतर हजार. बाईंच्या पुस्तकाचंच घेऊ. आकार साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे डेमीचा. त्यासाठी २३ बाय ३६ इंचाचा ताव लागतो. तो दुमडत गेलं की त्यातून १६ पानं निघतात, म्हणजे ३२ पृष्ठं. छापखान्याचा हिशेब मात्र फॉर्मवर चालतो, आणि एक फॉर्म म्हणजे १६ पृष्ठं, अर्धा ताव. बाईंचं पुस्तक नेमकं दहा फॉर्मचं आहे. दहा फॉर्म, दहा प्लेटा. प्रत्येक प्रतीला पाच ताव, म्हणून ५०० प्रतींना २,५०० ताव, पाच रीम. आता प्रत्येक फॉर्मला मशीन बसेपर्यंत तीसेक ताव वाया गेले, तर दहा फॉर्मना ३०० ताव झाले. पाचशेच्या आवृत्तीत ही नासाडी कागदाच्या १२ टक्के पडते, हजाराच्या आवृत्तीत सहाच टक्के. काकांच्या हातून वाया जायचे ते ताव तेवढेच, फक्त वाटून घेणारे वाढतात. प्रतीची किंमत उतरते ती अशी, वाटेकरी वाढल्यामुळे.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लेखकाच्या हातातली असते. १६०च्या जागी पुस्तक १६३ पृष्ठांचं झालं तर काय? तीन पृष्ठांसाठी अकरावा फॉर्म उघडावा लागतो. तो पाव भरला तरी प्लेट नवी, मशीन लावणं नवं, आणि घडी घालून जुळवायला एक तुकडा जास्त. शेवटच्या क्षणी आठवलेला ऋणनिर्देश किंवा आधी छापून आलेल्या अभिप्रायांची दोन पानं अशी पुस्तकावर अकरावा फॉर्म लादतात. मांडणी करणाऱ्याला आधीच सांगितलं की ‘१६०च्या पुढे जायचं नाही’, तर तो समासात, प्रकरणांच्या सुरुवातीला सोडलेल्या कोऱ्या जागेत, ओळींच्या अंतरात ती तीन पृष्ठं सहज जिरवतो. मुद्रितं तपासून झाल्यावर सांगितलं, तर तोच माणूस तोंड वाकडं करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

कागद ही दुसऱ्या ढिगातली सगळ्यात जाड ओळ, आणि फसवणुकीला सगळ्यात सोपीही. बाईंच्या कागदावर ‘७० जीएसएम’ लिहिलंय. एक चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम, असा त्याचा अर्थ. २३ बाय ३६चे ५०० ताव, म्हणजे एक रीम, या कागदाची जवळजवळ १८.७ किलोची भरते. कागदाचा भाव किलोवर ठरतो, म्हणून ८० जीएसएम सांगून ७० घातला की दर आठ किलोंमागे एक किलो कोणाच्या तरी खिशात गेला. बोटांनी हे कळत नाही. फुगीर बनावटीचा ७०चा कागद गुळगुळीत दाबलेल्या ८०पेक्षा जाड लागतो, आणि लोक चिमटीत पान धरून ‘वा, भारी कागद’ म्हणतात. कळतं ते वजनकाट्यावर. बाईंच्या पुस्तकात ८० पानं आहेत. आकाराने गुणलं की आतला कागद साधारण २.४ चौरस मीटर होतो. ७०च्या कागदाचं वजन १६९ ग्रॅमच्या आसपास, ८०चं १९३. मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं असेल तर त्याचे १९ ग्रॅम धरा, लॅमिनेशन आणि गोंद यांचे एकदोन. एका प्रतीत चोवीसेक ग्रॅमचा फरक येतो. दहा प्रती एकत्र काट्यावर ठेवल्या तर तो पाव किलोच्या जवळ जातो. कागदाच्या कारखान्यातून येतानाच चार-पाच टक्के इकडेतिकडे असतं, हवेतल्या ओलीनेही थोडं हलतं. त्यामुळे पाच ग्रॅमवरून भांडायला जाऊ नये. चोवीसवरून जावं.

बांधणीबद्दल माझं मन नेहमी दुभंगलेलं असतं. मला शिवलेलं पुस्तक आवडतं, ते टेबलावर उघडं ठेवलं की उघडं राहतं. पण बांधणी ही दुसऱ्या ढिगातली, प्रत्येक प्रतीला मोजून द्यायची रक्कम. ती छपाईसारखी आवृत्ती वाढवली म्हणून विरघळत नाही. परफेक्ट बाइंडिंगमध्ये दुमडलेल्या फॉर्मांची पाठ दोनतीन मिलिमीटर कापून खरखरीत करतात आणि गरम गोंदावर मुखपृष्ठ बसवतात. शिलाईत ती पाठ कापत नाहीत, प्रत्येक फॉर्म घडीतून दोऱ्याने शेजारच्याला जोडतात. बाईंच्या छापखान्याने शिलाईचे प्रतीमागे सहा जास्त सांगितले होते. १६० पृष्ठांच्या, एकदा सलग वाचून ठेवायच्या पुस्तकाला मी परफेक्टच सुचवलं असतं, आतला समास जरा मोकळा ठेवून. मात्र बांधणीवाल्याशी दोनतीनसाठी घासाघीस करू नये, असं माझं मत झालंय. त्याने पाठ घाईत खरवडली किंवा गोंद पुरेसा तापू दिला नाही, तर पुस्तक दिसायला तसंच दिसतं, आणि वाचकाने मधोमध उघडून तळव्याने दाबलं की कडकन आवाज होऊन पान हातात येतं. गठ्ठे ताब्यात घेताना प्रत्येकातली एक प्रत अशी मधोमध उघडून, एक पान जरा ओढून बघावी. त्या प्रतीचा बळी जातो, जाऊ दे. आणखी एक बघावं. पानं उघडताना ताठ उभी राहत असतील आणि पाठीजवळ लाटा दिसत असतील, तर कागदाचा धागा पुस्तकाच्या पाठीला समांतर न जाता आडवा गेलाय. त्याला मग उपाय नाही. ताव विकत घेतानाच ते बघायचं असतं: ताव दोन्ही दिशांनी दुमडून पाहायचा, जिकडे घडी सुरकुती न पडता बसते तिकडे धागा.

तर हे ९६ आणि ६४. इथपर्यंत सगळं छापखान्याच्या दाराच्या आतलं.

दाराबाहेर आलं की भागाकार बदलतो. छापखाना खर्चाला छापलेल्या प्रतींनी भागतो, कारण त्याचं काम छापण्यापाशी संपतं. लेखकाला भागायचं असतं पैसे हातात आलेल्या प्रतींनी. बाईंनी पुस्तकाची किंमत २०० ठरवली होती. दुकानदार आणि वितरक मिळून ४० टक्के सूट घेणार, म्हणजे बाईंच्या हातात एका प्रतीचे १२० येणार. आता ४८,०००ला १२०ने भागा: ४०० प्रती विकल्या गेल्या की पाचशेच्या आवृत्तीचा खर्च निघाला. ६४,०००ला भागा: ५३४ प्रती. हा आकडा आला तेव्हा मी काही वेळ त्याच्याकडे बघत बसलो. स्वस्त पडणाऱ्या आवृत्तीत खर्च भरून निघायला जितक्या प्रती विकाव्या लागतात, तितक्या प्रती महाग आवृत्तीत छापलेल्याच नाहीत! समजा पुस्तक ३५० खपलं. १२०ने गुणून ४२,००० आले. पाचशेच्या आवृत्तीत बाईंना ६,००० घरचे घालावे लागतील, हजाराच्या आवृत्तीत २२,०००. वाचणार होते ते प्रतीमागचे बत्तीस साडेसहाशे प्रतींच्या गठ्ठ्यांत बांधलेले असतील, बहुधा पलंगाखाली.

न खपलेल्या प्रतीला दिसत नसलेला खर्चही असतो. दुकानात ‘विकली तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर ठेवलेली प्रत परत येते तेव्हा ती नवी नसते. कोपरे दुमडलेले असतात, लॅमिनेशनवर बोटांचे ठसे आणि किमतीच्या चिकटपट्टीची खूण. ती २००ला पुन्हा विकता येत नाही. पहिल्या पन्नासेक प्रती तर हिशेबात धरायच्याच नसतात. परीक्षणासाठी, ग्रंथालयांना, मुखपृष्ठ काढणाऱ्याला, मदत करणाऱ्यांना, आणि ज्यांना ‘विकत घ्या’ म्हणणं आपल्याच्याने होत नाही अशा माणसांना त्या जातात. पाचशेतल्या साडेचारशेच विकायच्या आहेत असं धरून मी पुढे गेलो. सगळ्या दुकानांतून गेल्या तर ५४,००० येतील. खर्च वजा जाता उरले ६,०००. प्रतीमागे तेरा आणि थोडे. छापील किमतीच्या पावणेसात टक्क्यांहूनही किंचित कमी.

रॉयल्टीचा विषय इथे येतो, आणि बाईंनी तो फोनवर स्वतःच काढला. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या एका पॅकेजवाल्यांचा त्यांना निरोप आला होता: ‘शंभर टक्के रॉयल्टी लेखकाला.’ त्या म्हणाल्या, ‘मग प्रकाशकाच्या दहा टक्क्यांपेक्षा हे दहापट नाही का हो?’ मी विचारलं, ‘शंभर टक्के, पण कशाचे?’ त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘ते लिहिलं नाहीये.’ बहुतेक वेळा खाली कुठेतरी लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत. छापील किंमत, त्यातून विक्रेत्याची सूट वजा, त्यातून त्या एका प्रतीचा छपाईखर्च वजा, आणि जे उरेल त्याचे शंभर टक्के. मागणीनुसार एकेक प्रत काढणाऱ्यांकडे प्लेटा नसतात, वाया जाणारे ताव जवळजवळ नसतात, पण प्रत मात्र पृष्ठावर मोजली जाते. त्यांचा दर १६० पृष्ठांना आणि मुखपृष्ठाला मिळून ११० होता. २००तून ८० सूट गेली, १२० उरले. ११० छपाई गेली, दहा उरले. शंभर टक्के रॉयल्टी म्हणजे हे दहा, छापील किमतीच्या पाच टक्के. प्रकाशकाने छापील किमतीवर १० टक्के दिले असते तर वीस आले असते, तेही एक पैसा न घालता. म्हणून टक्का ऐकला की आधी तो कशावर ते विचारावं. छापील किमतीवरचे दहा टक्के वीस होतात. हातात आलेल्या रकमेवरचे पंधरा टक्के ऐकायला मोठे वाटतात, पण ते अठराच होतात.

मागणीनुसार छपाईला नावं ठेवायचा माझा विचार नाही. तिच्यात पलंगाखालचा गठ्ठा नसतो, आणि ही लहान गोष्ट नव्हे. फक्त ते २०,००० तिथेही सुटत नाहीत. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ या गोष्टी कुठेही छापा, करायलाच लागतात. प्रतीमागे दहाच्या रॉयल्टीने ते फेडायचे तर दोन हजार प्रती विकायला हव्यात. सूट देऊन दुकानातून विकण्याऐवजी बाईंनी त्याच ११०च्या प्रती मागवून स्वतः पाठवल्या असत्या, २००तले तीस टपालाला घालून, तर प्रतीमागे साठ उरले असते आणि साडेतीनशेच्या आत फेड झाली असती. म्हणजे छपाईचा प्रकार जितका बदल घडवतो, तितकाच किंवा जास्त बदल प्रत कोणत्या वाटेने वाचकाकडे जाते त्याने घडतो.

पाचशेच्या हिशेबातही ते लगेच दिसलं. साडेचारशेपैकी १५० प्रती बाईंनी स्वतः विकल्या असं धरलं. शिकवलेल्या मुलांची पिढी मोठी आहे, हे शक्य होतं. टपाल जाता प्रतीला १७०, म्हणजे २५,५००. उरलेल्या ३०० दुकानांतून, ३६,०००. एकूण ६१,५००, त्यातून ४८,००० वजा, उरले १३,५००. प्रतीमागे तीस. छापील किमतीच्या पंधरा टक्के. याला मी रॉयल्टी म्हणायला कचरतो. प्रकाशकाची रॉयल्टी तोट्यातल्या पुस्तकावरही मिळते, आणि हे तीस प्रकाशकाच्या जोखमीचं, वितरकाच्या हेलपाट्यांचं आणि टपालाची पाकिटं चिकटवण्याचं वेतनही आहे. वीस लेखकाचे आणि दहा पाकिटं चिकटवणाऱ्याचे, असं मी बाईंना गमतीने म्हटलं. त्यांना ते फारसं गमतीचं वाटलं नाही.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. हजार काढल्या आणि पन्नास वाटून उरलेल्या साडेनऊशेही खपल्या, १५० स्वतः आणि ८०० दुकानांतून, तर येतात १,२१,५००. खर्च ६४,०००. उरतात ५७,५००, प्रतीमागे साठ. पाचशेच्या दुप्पट. तेव्हा लाल गोल अगदीच भाबडा नव्हता. ज्याच्याकडे मागणीची खात्री आहे, म्हणजे एखाद्या संस्थेने पाचशे प्रतींची लेखी मागणी दिली आहे किंवा आगाऊ नोंदणीत पैसे आले आहेत, त्याने हजारच काढाव्यात. माझी शंका उरलेल्यांबद्दल आहे, आणि आपण बहुतेक उरलेल्यांतच मोडतो. ‘पुस्तक आलं की सांगा, पाच प्रती माझ्या’ असं म्हणणाऱ्यांची यादी मीही पाहिली आहे. पुस्तक आल्यावर त्यातले काहीजण भेट म्हणून एक घेऊन जातात, तेही आनंदाने, आणि आपल्यालाही त्या क्षणी बरंच वाटतं.

शेवटी ज्या आकड्याने प्रश्न सुटला, तो दोन्ही दरपत्रकांत नव्हता. मी छापखान्याला फोन करून विचारलं: आत्ता ५०० काढल्या आणि त्या संपल्यावर आणखी ५०० काढल्या, तर दुसऱ्या वेळेला किती? २०,०००ची तयारी पुन्हा करायची नसते. प्लेटा नव्या लागतात, कारण एकदा वापरलेल्या प्लेटा सहसा जपून ठेवत नाहीत. मशीन पुन्हा लावायचं, ताव पुन्हा वाया जायचे. म्हणून १२,०००, आणि प्रतीमागचे बत्तीस धरून १६,०००. एकूण २८,०००. प्रत पडली ५६ला. लाल गोलातल्या चौसष्टपेक्षाही आठने कमी! दोन्ही वेळचे मिळून ७६,००० होतात, एकदम हजार काढण्यापेक्षा १२,००० जास्त. म्हणजे आज निर्णय न घेता, पहिल्या साडेचारशे प्रती कशा जातात ते बघून निर्णय घेण्याची किंमत १२,०००. आणि ती आज द्यायची नाही. पहिली आवृत्ती संपली तरच द्यायची, तीही विक्रीतून आलेल्या पैशांतून. दरम्यान कागदाचा भाव चढू शकतो, ही या मार्गातली खरी खोट. रीम १,५००ची १,८०० झाली तर प्रतीमागे तीन वाढतात, वाया जाणाऱ्या तावांचे आणखी १८०. तेवढं सोसण्यासारखं आहे.

बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग एकच प्रश्न विचारला, ‘दुसऱ्या वेळेला त्यांनी पुन्हा अक्षरजुळणीचे पैसे मागितले तर?’ त्यांच्या बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा हा शहाणा होता, कारण हे नेहमी होतं. तयार फाइल छापखान्याच्या संगणकावर असते, वर्ष-दोन वर्षांनी तो संगणक बदलतो किंवा मांडणी करणारा मुलगा दुसरीकडे जातो, आणि ५६ची प्रत पुन्हा ९६ची होते. म्हणून पाचशेचा होकार देताना त्यांनी दरपत्रकाच्या तळाशी दोन ओळी जोडायला लावल्या. शेवटच्या दुरुस्त्या झालेली छपाईची पीडीएफ, आतल्या मजकुराची आणि मुखपृष्ठाची मूळ खुली फाइल, वापरलेल्या फॉन्टसह, गठ्ठ्यांबरोबरच ताब्यात द्यायची. आणि बिलाचा शेवटचा हप्ता त्या फाइली बाईंच्या स्वतःच्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच द्यायचा. छापखान्याने दुसऱ्या ओळीवर थोडी कुरकुर केली. पहिलीवर सही केली, आणि दुसरीवरही केली.